खिडकीतला ‘आत’: सराव परीक्षेतल्या सहा शब्दांचं प्रकरण

प्रश्न बारा गुणांचा होता आणि तिला पाच मिळाले. संधीचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते, म्हणून तो आकडा पाहून तिच्यापेक्षा मीच जास्त चक्रावले.

लालबागच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीवर पोटमाळा टाकून अभ्यासिका केली आहे. दर रविवारी सकाळी मी तिथे मराठी व्याकरण शिकवते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हा क्रम आहे. समोर बसणारी मुलं लिपिक, पोलीस भरती, राज्यसेवा अशा वेगवेगळ्या परीक्षांची तयारी करतात. ही मुलगी घाटकोपरहून येते. आठवडाभर एका दुकानात बिलिंगला असते आणि लोकलमध्ये उभ्यानं वही वाचते. त्या वहीत संधीचे तक्ते तीन रंगांच्या पेनांनी काढलेले आहेत. ‘अ आणि उ मिळून ओ’ असं म्हटलं की पुढचं उदाहरण ती माझ्या आधी सांगते.

त्या रविवारी मुद्दाम पर्याय न देता प्रश्न दिला होता. चार पर्याय समोर असले की मुलं संधी सोडवत नाहीत, पर्याय खोडतात. वाक्य मीच जुळवलं होतं:

‘जगन्नाथ शंकरशेट यांच्या स्मरणार्थ गिरगावच्या वाचनालयाने गणेशोत्सवात एकेक दिवस व्याख्यानांना दिला आणि लोक खिडकीत उभे राहून ऐकू लागले.’

जगन्नाथ, वाचनालयाने, गणेशोत्सवात, एकेक, व्याख्यानांना आणि खिडकीत हे सहा शब्द अधोरेखित होते. प्रत्येकाची फोड करायची आणि संधीचा प्रकार लिहायचा. फोडीला एक गुण, प्रकाराला एक. वाक्यातला प्रसंग काल्पनिक आहे. नाना शंकरशेटांचं नाव घेतलं ते त्यात संधी आहे म्हणून, आणि आमच्या मुलांना त्यांचं नाव स्टेशनांच्या नावांच्या वादातून तरी ऐकून माहीत असतं म्हणून.

तिची उत्तरं अशी होती. जगन्नाथ: जगन् + नाथ, अनुनासिक संधी. वाचनालय: वाचन + आलय, दीर्घत्व संधी. गणेशोत्सव: गणेश + ओत्सव, गुणादेश. एकेक: एक + एक, वृद्ध्यादेश. व्याख्यान: व्या + ख्यान, आणि प्रकाराची जागा कोरी. खिडकीत: खिडकी + त, पुढे कंसात ‘सप्तमी’.

यात एक गोष्ट चटकन दिसते. पहिल्या आणि तिसऱ्या शब्दात प्रकाराचं नाव बरोबर आहे आणि फोड चूक आहे. म्हणजे हा शब्द पुस्तकात कुठल्या मथळ्याखाली येतो हे तिला आठवत होतं, पण तो उघडता येत नव्हता. नियम पाठ करताना आपण नेहमी एकाच दिशेनं जातो: दोन वर्ण आले, एक झाला. परीक्षेत उलट्या दिशेनं जावं लागतं, आणि त्या दिशेला एका वर्णामागे चार-चार दारं असतात.

वाचनालयावर फार वेळ घालवायची गरज नव्हती, कारण ते तिनं बरोबर केलं होतं. आधी ‘ने’ हा प्रत्यय काढला, सामान्यरूपाचा ‘या’ परत ‘य’ केला आणि मग फोड केली. तरीही मी तिला विचारलं, ‘वाचना + आलय का नाही?’ नियमाला ते चालतं. अ + अ, अ + आ, आ + अ, आ + आ, चारींचा शेवट आ. ती म्हणाली, ‘बाई, वाचना असा शब्दच नाही.’ मग विद्यालयात? ‘तिथे विद्या, म्हणून आ अधिक आ.’ म्हणजे इथे ती नियमावर नव्हे, शब्दाच्या ओळखीवर चालत होती. हेच तिनं गणेशोत्सवात केलं नाही.

गणेश + ओत्सव ही चूक दर परीक्षेत दिसते. कानाला ‘शो’ ऐकू येतो, हात ‘श’ आणि ‘ओ’ वेगळे करतो, आणि काम झालं असं वाटतं. पण ओ हा जोडणीनंतर तयार झालेला वर्ण आहे, जोडणीच्या आधी तो तिथे नव्हता. मी तिला तिचीच फोड पुन्हा जोडायला लावली. अ आणि ओ मिळून काय होतं? ‘औ,’ ती म्हणाली, ‘वृद्ध्यादेश.’ मग तुझ्या फोडीतून कुठला शब्द तयार होईल? तिनं फळ्यावर लिहिलं: गणेशौत्सव. आणि स्वतःच हसली.

ही पुन्हा जोडून बघण्याची सवय मला फार मोलाची वाटते, कारण असं बघायला पाच सेकंदही लागत नाहीत. गुणादेशातला ओ दिसला की त्यामागे अ किंवा आ, आणि पुढे उ किंवा ऊ, एवढंच असू शकतं. सूर्योदयात अ + उ, महोत्सवात आ + उ, जलोर्मीत अ + ऊ. ए दिसला तर पुढे इ किंवा ई. आता दुसरा भाग ओळखीचा शब्द व्हायला हवा. ‘त्सव’च्या आधी उ ठेवला की उत्सव होतो, ऊ ठेवला तर काहीच होत नाही. म्हणून मी मुलांना शब्द उजवीकडून उघडायला सांगते. आलय, उत्सव, उदय, ईश, इंद्र, अर्थ, इच्छा, ऋषी अशी उजवीकडे येणारी मंडळी थोडी आणि ओळखीची असतात. डावीकडे मात्र कोणीही येऊ शकतं.

पण गणेशोत्सवात आणखी एक खोच आहे. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, ‘बाई, गण + ईशोत्सव चालेल का? अ अधिक ई, ए.’ पुन्हा जोडून बघितलं तर शब्द अगदी बरोबर तयार होतो, नियम कुठेच मोडत नाही. ‘ईशाचा उत्सव’ म्हणजे ईशोत्सव हाही शब्द कोणी वापरू शकेल. तरी हे उत्तर चूक आहे, कारण गिरगावात उत्सव असतो तो गणेशाचा, गणांच्या ईशोत्सवाचा नव्हे. गणेश = गण + ईश हा जोड आधी झाला, उत्सव त्याला नंतर लागला. दोन सांधे असलेल्या शब्दात नंतर झालेला सांधा आधी उघडायचा, आणि प्रश्नात वेगळं काही सांगितलं नसेल तर तिथेच थांबायचं. इथे नियम संपतो आणि अर्थ सुरू होतो. रमेशमध्ये रमा + ईश आहे आणि सुरेशमध्ये सुर + ईश, हे सुद्धा ‘ए’कडे बघून कोणालाही सांगता येणार नाही. रमा म्हणजे लक्ष्मी आणि सुर म्हणजे देव हे माहीत असेल तरच सांगता येतं.

आता जगन्नाथ. इथे आमचा अर्धा तास गेला.

तिची जगन् + नाथ ही फोड पुन्हा जोडली तर जगन्नाथच मिळतो. म्हणजे आधीची चाचणी इथे पास होते! ‘मग चूक काय?’ असं तिनं जरा ठसक्यातच विचारलं. चूक ही की जोडताना काहीच बदललं नाही. न् होता, न् राहिला. काहीच बदललं नसेल तर ‘अनुनासिक संधी’ हे नाव कशाला द्यायचं? ते नाव सांगतं की मूळचं व्यंजन अनुनासिक नव्हतं, पुढच्या न किंवा म मुळे ते आपल्या वर्गातलं अनुनासिक झालं. तिच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्याला खोटं पाडत होता.

मग मूळ व्यंजन कोणतं? न् हे त-वर्गातलं अनुनासिक आहे, म्हणजे मूळ व्यंजन त-वर्गातलं, हे नियमातून कळतं. त्यापुढे मी तिला जगन्नाथाचे भाऊबंद शोधायला सांगितले. ज्या शब्दांच्या सुरुवातीला हेच ‘जग…’ आहे असे सगळे. वर्गानं मिळून फळा भरला: जगत्पिता, जगदंबा, जगद्गुरू, जगन्नाथ, जगज्जननी, जगच्चालक.

एकाच शब्दाची ही पाच रूपं एकाखाली एक लिहिली की त् कसा वेश बदलतो ते दिसतं. पुढे कठोर प आला तर तो त् म्हणूनच राहतो. पुढे स्वर किंवा ग सारखं मृदू व्यंजन आलं की द् होतो. पुढे न आला की न्. पुढे ज आला की ज्, च आला की च्. तक्त्यात हे चार वेगळे नियम चार वेगळ्या पानांवर असतात, तृतीय व्यंजन संधी, अनुनासिक संधी, त् चे विशेष नियम वगैरे. इथे कळतं की सगळीकडे एकच त् शेजाऱ्याप्रमाणे आवाज बदलतो आहे. सदाचार, सन्मान, सज्जन, सच्छिष्य यांतही एकच सत् आहे. तिनं वहीत हे रंग न वापरता लिहून घेतलं, आणि मला ते जास्त बरं वाटलं.

तेवढ्यात राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एकानं नेमका प्रश्न विचारला: ‘जगद् + नाथ का नको? द् सुद्धा त-वर्गातला आहे. जोडलं तर जगन्नाथच होईल.’

होईल. आणि वस्तुनिष्ठ परीक्षेत जगत् + नाथ आणि जगद् + नाथ हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवणारे प्रश्नकर्तेही असतात. भाऊबंदांची यादी इथे उपयोगाला येत नाही. जगत्पितामध्ये त् दिसतो हे खरं, पण मूळ द् असता तरी कठोर प पुढे तो त् झालाच असता. आपत्काल बघा. त्यात त् दिसतो, पण मूळ शब्द आपद् आहे. आपद् + काल, प्रथम व्यंजन संधी. आपद्ग्रस्त आणि जगद्गुरू दोन्हींत द्, आपत्काल आणि जगत्पिता दोन्हींत त्. जोडलेल्या रूपात दोघं तंतोतंत सारखे वागतात, पण मुळात एक त् आहे आणि दुसरा द्. संधीचे नियम इथे हात टेकतात, शब्दकोश उघडावा लागतो.

परीक्षेत शब्दकोश नसतो. तिथे मी एक ठोकताळा सांगते, आणि तो ठोकताळाच आहे, नियम नाही. तो शब्द एकटा असताना मराठीत कसा येतो ते आठवायचं. आपण जगत, विद्युत असं म्हणतो, म्हणून तिथे त्. आपदा, विपदा, संपदा, शरद असं म्हणतो, म्हणून तिथे द्. त्यामुळे शरत्काल म्हणजे शरद् + काल, विपत्काल म्हणजे विपद् + काल, पण जगदीश म्हणजे जगत् + ईश. उत्/उद् या उपसर्गाच्या बाबतीत हा ठोकताळा चालत नाही, कारण उपसर्ग एकटा कधी येतच नाही. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत तो उद् असा मोजतात, आणि आपल्या शालेय पुस्तकांत बहुधा उत् असा देतात. म्हणून उन्नती, उल्लंघन, उज्ज्वल सोडवताना उत् लिहावं. संस्कृत शिकलेल्या मुलानं उद् लिहिलं तर माझ्या मते तो चूक नाही, पण उत्तरसूचीशी भांडत बसायला परीक्षेत वेळ नसतो.

व्याख्यान तिनं पूर्ण सोडून दिलं होतं. ‘व्या + ख्यान’ ही फोड नव्हे, अक्षरं मोजून केलेला तुकडा होता. पुन्हा जोडलं तर व्याख्यान होतं, पण काही बदलत नाही, शिवाय व्या आणि ख्यान दोघांनाही अर्थ नाही. म्हणजे ही फोड दोन चाळण्यांवर अडकते. मी तिला ‘व्य’कडे बघायला सांगितलं. जोडाक्षरात दुसरा य असेल तर तो कधीकधी मुळात इ किंवा ई असतो, आणि दुसरा व असेल तर उ किंवा ऊ. पुढे वेगळा स्वर आला की इ चा य् होतो, उ चा व् होतो. यालाच यणादेश म्हणतात. ‘व्या’ उघडलं की वि + आ. मग उरलं काय? आख्यान. तिचा चेहरा उजळला: ‘कीर्तनातलं आख्यान!’ हो, तेच. वि + आख्यान.

‘आणि तू बसली आहेस त्या खोलीचं नाव?’ मी विचारलं. अभ्यासिका. अभि + आस, त्यावर इका. प्रत्येक म्हणजे प्रति + एक, अत्यंत म्हणजे अति + अंत, स्वागत म्हणजे सु + आगत, अध्यापक म्हणजे अधि + आपक. परीक्षा सुद्धा संधी आहे, पण ती यणादेशाची नाही. परि + ईक्षा, इ आणि ई मिळून दीर्घ ई, म्हणून तर परीक्षेतला री दीर्घ लिहायचा. ते एकदा कळल्यावर ‘परिक्षा’ लिहिणाऱ्या मुलांची संख्या आमच्याकडे बरीच कमी झाली.

या उत्साहात मुलं दुसऱ्या टोकाला जातात, तेही त्याच सकाळी घडलं. एकानं ध्यान म्हणजे धि + आन असं लिहिलं, दुसऱ्यानं त्याग म्हणजे ति + आग. यण् दिसतो आहे म्हणून सांधा आहे असं नाही. ध्यान, त्याग, व्यथा, स्वप्न यांतले य आणि व मूळ धातूतलेच आहेत. उघडल्यावर दोन्ही तुकडे अर्थाचे उरतात का, हे बघितल्याशिवाय यणादेश लिहू नये. वि, अधि, अभि, अति, प्रति, परि, अनु, सु असा ओळखीचा उपसर्ग डावीकडे निघाला तर भरवसा ठेवायला हरकत नाही.

एकेक मध्ये तिची फोड बरोबर होती आणि नाव चुकलं. तिची चूक समजण्यासारखी होती. अ आणि ए मिळून ऐ, हा वृद्ध्यादेश तिला पाठ होता. पण तसं झालं असतं तर एकैक झालं असतं, आणि तोही शब्द आहे, संस्कृत वळणाचा. वाक्यात एकेक होतं. दोन एक जोडून एकदा ऐ आणि एकदा ए का होतो?

याचं उत्तर मला कुठल्या तक्त्यापेक्षा आपल्या तोंडात सापडतं. संस्कृतात ‘एक’ म्हणताना शेवटचा अ पूर्ण उच्चारतात. आपण मराठीत लिहितो ‘एक’, पण म्हणतो ‘एक्’. शेवटचा अ उच्चारात नसतोच. जो स्वर नाही तो पुढच्या ए मध्ये काय मिसळणार? क् ला सरळ ए लागतो आणि एकेक होतं. मागचा स्वर जातो, पुढचा राहतो, म्हणून पुस्तकं याला पररूप संधी म्हणतात. करून (कर + ऊन), सांगेन (सांग + एन), घामोळे (घाम + ओळे), हरेक (हर + एक) सगळे याच घरातले. हरेकमधला हर फारसीतून आलेला आहे, त्याला संस्कृतचा नियम लावायला जाण्यात तसाही अर्थ नव्हता. म्हणून वृद्ध्यादेश की पररूप असा प्रश्न पडला, तर शब्दात काय झालं आहे तेच बघायचं. सदैव, मतैक्य यांत ऐ दिसतो आहे, तिथे वृद्धी. एकेकमध्ये ए आहे, तिथे वृद्धी झालेलीच नाही.

हे समजावून झालं, आणि मी खिडकीत या शब्दाकडे वळले. इथे मला वाटलं होतं की दोन मिनिटांत आटपेल.

माझ्या उत्तरसूचीत होतं: खिडकी + आत, पूर्वरूप संधी. मागचा ई राहतो, पुढचा आ जातो. हे उदाहरण पिढ्यान् पिढ्या संधीच्या धड्यात चालत आलेलं आहे, मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. तिनं खिडकी + त, सप्तमी असं लिहिलं होतं, आणि मी दोन्ही गुण कापले होते.

ती म्हणाली, ‘बाई, सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ. हे तुम्हीच शिकवलंत.’

मी म्हटलं, ‘अगं, पण इथे प्रश्न संधीचा आहे, विभक्तीचा नाही.’

‘मग गणेशोत्सवात? त्याच वाक्यात आहे. तिथे तुम्ही म्हणालात, आधी त काढून टाक, मग संधी सोडव. तिथे तो प्रत्यय, आणि सात शब्द पुढे खिडकीत आल्यावर तो आत?’

वर्ग शांत झाला. खालून मंडळाच्या कॅरमचा आवाज तेवढा येत होता.

तिचं म्हणणं मी मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं. खिडकी + आत मानायचं तर गणेशोत्सव + आत सुद्धा मानता येईल, अ अधिक आ मिळून आ, दीर्घत्व संधी. मग माझ्या उत्तरसूचीत गणेशोत्सवाचे दोन सांधे लिहायला हवे होते. उलट, गणेशोत्सवातला त हा प्रत्यय असेल तर खिडकीतला तसा का नाही, याला माझ्याकडे कारण नव्हतं. मी फळ्यावर खिडक्यांत असं लिहिलं. हे बघितल्यावर माझी बाजू आणखी लंगडी झाली. अनेकवचनात सामान्यरूप खिडक्यां, त्यावर अनुस्वार. इथे ‘आत’ जोडायला गेलं तर स्वराला स्वर भेटतच नाही, मधे अनुस्वार उभा आहे, आणि पूर्वरूपाचा नियम लागत नाही. ‘त’ हा प्रत्यय मानला तर खिडकीत, खिडक्यांत, गणेशोत्सवात, गिरगावात सगळीकडे एकच स्पष्टीकरण पुरतं. ‘आत’ मानलं तर काही ठिकाणी पूर्वरूप, काही ठिकाणी दीर्घत्व, आणि अनेकवचनात काहीच नाही.

‘आत’ हा शब्द आणि ‘त’ हा प्रत्यय यांचं नातं काय, हा भाषेच्या इतिहासाचा प्रश्न झाला. वाक्यातला शब्द सोडवणाऱ्या मुलीला तो प्रश्न पडायचं कारण नाही. तिला कळायला हवं की हा शब्द दोन धड्यांत दोन वेषांत बसलेला आहे, आणि कुठल्या धड्याचा प्रश्न आहे त्यावर उत्तर ठरतं. ‘विभक्ती ओळखा’ असेल तर सप्तमी, प्रत्यय त. ‘संधी सोडवा’ असेल आणि पर्यायात खिडकी + आत असेल तर तेच निवडायचं, कारण दुसरा कुठलाही पर्याय ‘संधी’ या शीर्षकाखाली बसत नाही. माझं स्वतःचं मत विभक्तीच्या बाजूला झुकतं, पण माझ्या मताला उत्तरपत्रिकेत गुण नाहीत.

दोष प्रश्नपत्रिकेचा होता, म्हणजे माझा. एकाच वाक्यात एकच शेपूट असलेले दोन शब्द अधोरेखित करून एकात ते कापायला आणि एकात उघडायला सांगणं ही सूचना कुणालाच नीट कळली नसती. बाकी अकरा मुलांनी ‘आत’ लिहिलं होतं ते समजून नव्हे, उदाहरण पाठ होतं म्हणून. मी खिडकीतचे दोन्ही गुण तिला दिले. पाचाचे सात झाले. बाकीच्यांचे मी कापले नाहीत.

पुढच्या रविवारच्या पेपरात पूर्वरूपासाठी मी खिडकी काढून नाहीसा हा शब्द घातला. नाही + असा. ई राहतो, अ जातो, आणि विभक्ती मधे यायचा प्रश्नच नाही. मला वाटलं होतं, आता निर्धोक झालं.

तिनं या वेळी बारापैकी अकरा मिळवले. गेलेला एक गुण उच्छ्वासाच्या छ मध्ये होता, उत् + श्वास लिहिण्याऐवजी तिनं उत् + छ्वास लिहिलं. पेपर परत घेताना तिनं वही पुढे केली. लोकलमध्ये कुणाच्या तोंडून ऐकलेला एक शब्द तिनं लिहून आणला होता: लहानसा.

‘बाई, नाहीसामध्ये असा चा अ गेला. मग लहानसामध्ये कोणता अ गेला? लहानचा की असा चा?’

मी तिला खडू दिला. तिनं आधी लहान + असा लिहिलं, सवयीनं अ अधिक अ मिळून आ केलं, लहानासा झालं, आणि लगेच पुसलं. मग थांबून लहान हा शब्द दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. फळ्यावर ‘लहान्’ असं न चा पाय मोडून लिहिलं, त्यापुढे असा, आणि जोडून लहानसा.

‘लहानचा अ गेला,’ ती म्हणाली, ‘म्हणजे हे पररूप. असा तोच, पण तिथे पूर्वरूप आणि इथे पररूप.’ आणि खाली, कुणी न सांगता, तिनं तपासायला काहीसा आणि जरासा असे दोन शब्द लिहून घेतले. जरासावर ती अडली. जरा चा आ दीर्घ आहे, तो उच्चारात जात नाही, मग पररूप होणार नाही. तिनं पूर्वरूप लिहिलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘की दीर्घत्व? आ अधिक अ सुद्धा आच.’

दोन्ही नियमांनी जरासाच तयार होतं. मी खडू परत घेतला.